लीज शेड्यूलच्या शेवटी रेसिड्युअल व्हॅल्यू जुळत नव्हती

मशीन 10,00,000 चं, 3 वार्षिक भाडी, एकूण भाडं 10,14,282, इम्प्लिसिट रेट 10%, रेसिड्युअल 1,00,000. पण माझ्या शीटमध्ये शेवटी 2,11,909 उरत होते. राउंडिंग बघितलं, रेट बदलून बघितला, दोन संध्याकाळी वाया.

चूक वेळेची होती, भाडं वर्षाच्या सुरुवातीला द्यायचं आणि मी आधी व्याज लावत होतो. आधी भाडं तपासा:

```
=PMT(10%,3,-1000000,100000,1)
```

338094 आलं, तिप्पट केलं की एकूण भाडं जुळतं (शेवटचा 1 विसरलात तर 371903 येईल). मग दरवर्षी बॅलन्समधून आधी भाडं वजा करा, उरलेल्यावर 10% लावा. 6,61,906 वर व्याज धरून 7,28,097, मग 4,29,003, शेवटी 1,00,000, म्हणजे रुपयाच्या आत बरोब्बर.