फायबर घेऊनही पोट फुगतंय, शौच कडकच? या चुका टाळा

सकाळी दोन चमचे इन्युलिन या फायबरची पूड, दुपारी ‘हाय फायबर’ बार. संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखं, आणि दुसऱ्या दिवशी शौचाला तेच खडे. अशा वेळी बहुतेक जण मात्रा वाढवतात. पहिली चूक तीच.

इन्युलिन मोठ्या आतड्यात पोचलं की जिवाणू ते झपाट्याने फस्त करतात. त्यातून वायू होतो, पण शौचात पाणी धरून ठेवायला फारसं काही उरत नाही. इसबगोलाची जेली मात्र बऱ्याच अंशी न आंबता शेवटपर्यंत टिकते आणि पाणी सोडत नाही, म्हणून कडक शौच मऊ होतं. घरी बघायचं असेल तर एक-एक चमचा अर्ध्या पेल्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा. इसबगोल थलथलीत होईल, इन्युलिन पाण्यासारखंच पातळ राहील.

अशी तक्रार असणाऱ्याने आधी चार-पाच दिवस इन्युलिन पूर्ण थांबवावं, बारच्या वेष्टनावरचं ‘चिकोरी रूट’ही वाचावं, कारण ते इन्युलिनच. फुगणं उतरलं तर कारण सापडलं. कांदा-लसूण बाधणाऱ्यांना इन्युलिनही बाधायची शक्यता मोठी, कारण दोन्हींत फ्रुक्टान ही सहज आंबणारी कर्बोदकं असतात. मग साधं इसबगोल, एक चहाचा चमचा, २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी थोडं पाणी. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात, त्यामुळे रोज चमचा वाढवू नका. आठवड्याने एक वाढवा. मात्रा एकदम वाढवली की इसबगोलानेही पोट गच्च वाटतं. चवीची पाकिटं घेताना घटक वाचा. त्यात सोनामुखी असेल तर ते नुसतं फायबर नाही, रेचक आहे.

इसबगोलानेही गॅस होत असेल तर मिथाइलसेल्युलोज हे फायबर बघा. ते आंबत नाही, त्यामुळे वायू सर्वांत कमी. इथली नेहमीची चूक म्हणजे गरम पाणी. गरम पाण्यात ते विरघळत नाही, गुठळ्या होतात. गारच पाणी घ्या.

गवारीचं फायबर म्हणून विकतात ती बहुधा अंशतः विघटित केलेली गवार गम असते. ती हळू आंबते, म्हणून इन्युलिनपेक्षा सहसा सोसते, पण पाणी धरण्यात इसबगोलाची बरोबरी करत नाही. आइस्क्रीम घट्ट करायची साधी गवार गम वेगळी. ती कोरडी तोंडात टाकली तर घशातच फुगू शकते. कोरड्या इसबगोलालाही हेच लागू आहे, आणि घेऊन लगेच आडवं होऊ नये.

इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल, किंवा पोटात कळा, उलटी आणि वायूही सरत नसेल, तर कुठलंच फायबर घेऊ नका. आतड्यात अडथळा असू शकतो, त्यावर फुगणारी जेली घातक ठरते. शौचातून रक्त जात असेल तरी आधी डॉक्टर.