ग्रुप फुल झाला? माणसं ॲड होत नाहीत? मेळाव्याआधी या चुका टाळा

माजी विद्यार्थी मेळावा, गावची जत्रा, मंडळाचा सुवर्णमहोत्सव, काहीही जवळ आलं की व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनची तक्रार ठरलेली असते: "माणसं ॲड होईनात." आणि त्यावर केले जाणारे उपायही ठरलेले असतात. कोणी दुसरा ग्रुप काढतो, कोणी जुन्या मेंबरना न विचारता काढून टाकतो, कोणी भलतंच ॲप डाउनलोड करतो. स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचायला मात्र कोणी थांबत नाही. ग्रुपच्या नावावर टॅप करा आणि वर दिसणारा मेंबरचा आकडा आधी बघा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

आकडा न बघता "ग्रुप फुल झाला" म्हणणं

व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा 1,024 आहे. 2014 मध्ये ती 100 झाली, 2016 मध्ये 256, 2022 मध्ये आधी 512 आणि त्याच वर्षअखेरीस 1,024. "256 च्या वर जात नाही" हे वाक्य अजूनही अनेकांच्या तोंडी आहे, ते या जुन्या काळातलं. तुमच्या ग्रुपात 640 माणसं असतील आणि नवीन माणूस जात नसेल, तर अडचण मर्यादेची नाही, परवानगीची आहे.

परवानगी अडते ती बहुतेक वेळा समोरच्याच्या फोनमध्ये. त्याने Settings मध्ये Privacy, तिथे Groups, तिथे My contacts निवडलेलं असतं आणि तुमचा नंबर त्याच्याकडे सेव्ह नसतो. वीस वर्षांनी भेटणाऱ्या वर्गमित्राकडे तुमचा आताचा नंबर कुठून असणार? अशा वेळी व्हॉट्सॲप स्वतःच विचारतं की त्याला खासगी आमंत्रण पाठवायचं का. ते जरूर पाठवा, पण ते तीनच दिवस चालतं. शुक्रवारी पाठवलेलं आमंत्रण त्याने पुढच्या बुधवारी उघडलं तर ते निकामी झालेलं असतं आणि तो म्हणतो, "तुमची लिंकच चालत नाही."

म्हणून एकेकाला हाताने ॲड करण्याची सवयच सोडा. ग्रुपची Invite link त्या त्या बॅचच्या प्रतिनिधीकडे द्या. ही लिंक तुम्ही Reset करेपर्यंत चालू राहते. आणि एकदा Group permissions उघडून बघा. तिथे Approve new members चालू असेल तर लिंकवरून आलेला माणूस थेट आत येत नाही, ॲडमिनच्या मंजुरीसाठी थांबून राहतो. कधीतरी कोणीतरी हे चालू केलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. साठ-सत्तर जण बाहेर ताटकळत असतात आणि आत चर्चा चालते की लोकांना उत्साहच उरला नाही.

परदेशातल्या मंडळींचे नंबर देशाच्या कोडसह, म्हणजे +1 किंवा +971 असे सेव्ह करा. कोड नसेल तर ते व्हॉट्सॲपवर दिसणारच नाहीत.

"भाग 2" नावाचा ग्रुप काढणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही, आणि ती दर मेळाव्याला नव्याने होते. पहिला ग्रुप 1,024 वर थांबतो, संध्याकाळपर्यंत "भाग 2" तयार होतो आणि उरलेले त्यात जातात. दोन मिनिटांचं काम असल्यामुळे ते सोपं वाटतं. ते कसं अंगावर येतं ते एका शाळेच्या मेळाव्यावरून बघू.

समजा, पहिल्या ग्रुपात 1,024 आणि भाग 2 मध्ये 380 माणसं आहेत. त्यातली 110 दोन्हीकडे आहेत, कारण "काही सुटायला नको" म्हणून लिंक दिसली की लोक आत येतात. म्हणजे खरी माणसं 1,294, पण समिती 1,404 धरून चालते. जेवणासाठी दोन्ही ग्रुपात पोल टाकला जातो. पहिल्यात 560 जणांचं "येणार", दुसऱ्यात 210 जणांचं. बेरीज 770, आणि केटररला तोच आकडा जातो. त्यातले 80 जण दोन्हीकडे मत देऊन बसलेत हे कोणालाच दिसत नाही, कारण दोन पोलची नावं शेजारी ठेवून कोण ताडून बघणार? त्याच वेळी जोडीदाराला किंवा मुलांना घेऊन येणाऱ्यांनी पोलमध्ये एकच टिक केलेली असते. आकडा एकीकडे फुगलेला आणि दुसरीकडे आटलेला. असा आकडा शेवटी योगायोगाने जुळला तरी भरवशाचा नसतो.

मग चार दिवस आधी वेळ बदलते, दहाऐवजी नऊ. पहिल्या ग्रुपात मेसेज पडतो. तिथून कोणीतरी भाग 2 मध्ये फॉरवर्ड करतो, भाग 2 मधला एक जण आपल्या बॅचच्या तिसऱ्याच ग्रुपात. आता त्या मेसेजवर Forwarded चा शिक्का आहे, आणि शिक्का असलेला मेसेज एका वेळी एकाच ग्रुपला पाठवता येतो. त्यामुळे पसरवणारे कंटाळतात, अर्ध्यावर सोडतात किंवा स्क्रीनशॉट टाकतात. दुसऱ्या दिवशी कोणी दहा वाजताची जुनी पत्रिका पुन्हा फिरवतो. सकाळी शाळेच्या फाटकावर जो गोंधळ होतो त्याची सुरुवात इथे झालेली असते.

दोन ग्रुप आधीच झाले असतील तर ते मोडत बसू नका, लोक दुखावतात. तीन गोष्टी करा. दोन्ही ग्रुपात बोलणं चालू ठेवा, पण वेळ, जागा आणि पैसे यांची सूचना तिथे टाकणं बंद करा. ती एकाच ठिकाणाहून जाऊ द्या. ते ठिकाण कोणतं हे पुढे येतंच. आणि नोंदणी पोलवर न घेता गूगल फॉर्मवर घ्या. त्यात नाव, मोबाइल नंबर, बॅच आणि तुमच्यासह एकूण किती जण, एवढे चार प्रश्न पुरतात.

फॉर्म भरून आला की उत्तरांच्या शीटची प्रत काढा आणि काम त्या प्रतीवरच करा. नंबर कोणी +91 लावून लिहितं, कोणी मध्ये जागा सोडून, म्हणून नंबर C स्तंभात असेल तर एका रिकाम्या स्तंभात हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढा:

```
=RIGHT(SUBSTITUTE(C2," ",""),10)
```

मग सगळ्या ओळी Timestamp नुसार नवीन वर, जुनं खाली अशा लावा आणि Data, Data cleanup, Remove duplicates मध्ये फक्त हा नवा स्तंभ निवडा. लावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. दुबार ओळींपैकी वरची राहते, खालची जाते. ज्याने आधी "2 जण" लिहून नंतर "4 जण" भरलं त्याचं नंतरचं उत्तर टिकायला हवं. आता "एकूण किती जण" या स्तंभाची बेरीज करा आणि तो आकडा केटररला द्या.

मर्यादा वाढवून देणारी ॲप

व्हॉट्सॲपची नक्कल असलेली ॲप घेऊ नका. मेंबरची मर्यादा कंपनीच्या सर्व्हरवर असते, तुमच्या फोनमध्ये नाही, त्यामुळे ती अशा ॲपने वाढूच शकत नाही. उलट तुमचा नंबर बंद होण्याची पाळी येते, तीही मेळाव्याच्या तोंडावर. आठवडाभराच्या घाईसाठी वर्षानुवर्षांचा नंबर पणाला लावणं मला कधीच पटलेलं नाही.

जागा करण्यासाठी "गप्प" माणसं काढणं

जे लिहीत नाहीत ते वाचत नाहीत असं नसतं. त्यांना काढू नका. काढायचेच असतील तर दुबार नंबर काढा. सिम बदलताना अनेक जण Change number न वापरता नवीन खातं उघडतात, मग त्यांचा जुना आणि नवा दोन्ही नंबर ग्रुपात राहतात. मेंबरची यादी नावाने शोधली की असे जोडनंबर सापडतात. तरीही त्या माणसाला विचारल्याशिवाय काढू नका. दुसरा नंबर त्याच्या वडिलांच्या फोनमध्ये असू शकतो.

मग मोठ्या मेळाव्याला काय वापरायचं?

मेळाव्याच्या कामात दोन गोष्टी असतात: सगळ्यांना कळवणं आणि आपापसात बोलणं. ग्रुप बोलण्यासाठी आहे. त्यात कळवण्याचंही काम कोंबलं की शुभेच्छा आणि फुलांच्या चित्रांखाली सूचना गाडली जाते.

हजाराच्या थोडं वर जाणाऱ्या मेळाव्याला मी नेहमी कम्युनिटी सुचवतो. Communities मध्ये New community करा आणि बॅचचे ग्रुप त्यात जोडा. जोडणारा त्या त्या ग्रुपचा ॲडमिन असावा लागतो. त्यासोबत Announcements हा ग्रुप आपोआप बनतो. सगळ्या ग्रुपांतले लोक त्यात येतात, मेसेज फक्त ॲडमिन टाकतो आणि तिथे सर्वसाधारण मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. त्याची मर्यादा साध्या ग्रुपपेक्षा मोठी आहे, पण कंपनी ती बदलत आली आहे. म्हणून अपेक्षित संख्या काही हजारांत असेल तर कम्युनिटीवर विसंबू नका.

अशा वेळी व्हॉट्सॲपचं चॅनल काढा. त्याला फॉलोअरची मर्यादा नाही, पण तुम्ही कोणाला त्यात ओढू शकत नाही. लिंक देऊन त्यांनी स्वतः फॉलो करावं लागतं. चॅनलवरचे मेसेज 30 दिवस ठेवले जातात, म्हणून दोन महिने आधी टाकलेली पत्रिका जवळ आल्यावर पुन्हा टाका. चॅनल ही उघडी जागा आहे. तिथे कोणाचा घरचा पत्ता, खातेक्रमांक किंवा नोंदणी केलेल्यांची यादी टाकायची नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट 256 जणांपर्यंत, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचते. कार्यकर्त्यांसाठी ठीक, मेळाव्यासाठी नाही.

सगळ्यांनी एकाच ठिकाणी बोलायलाच हवं असेल तर टेलिग्रामच्या ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं बसतात आणि उशिरा आलेल्याला जुने मेसेज दाखवण्याची सोयही आहे. अडचण इतकीच की जुन्या बॅचची ज्येष्ठ मंडळी नवं ॲप घ्यायला तयार होत नाहीत, आणि त्यांच्यासाठीच तर मेळावा असतो.

राहिले न येऊ शकणारे. त्यांच्यासाठी ग्रुप कॉल लावण्याचा विचार सोडा, त्यात 32 जणच बसतात. झूमच्या मोफत खात्यात 100 जण, तेही 40 मिनिटं. यूट्यूब लाइव्ह करा. मात्र लाइव्हची परवानगी पहिल्यांदा सुरू करताना 24 तास लागू शकतात आणि मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान 50 सबस्क्रायबर लागतात. म्हणून यूट्यूबचं चॅनल आठवडाभर आधी उघडा आणि आदल्या संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच नेटवर, दहा मिनिटांचं चाचणी प्रक्षेपण करून बघा.