छाटणीआधी औषधांच्या खोलीसाठी एक पान: हायड्रोजन सायनामाइडचे सुरक्षा कार्ड

सटाणा भागातील अर्ली छाटण्या सोडल्या, तर निफाड, दिंडोरी आणि चांदवड पट्ट्यातील द्राक्षबागांमध्ये सप्टेंबरच्या अखेरीपासून गोडी छाटणीला वेग येतो. छाटणीपाठोपाठ डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग केले जाते. वर्षभरात औषधांच्या खोलीत जे काही येते, त्यात माणसाच्या अंगावर उलटण्याची सर्वांत जास्त शक्यता याच द्रव्याची आहे, असे माझे मत आहे. त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस, इंग्रजीत आणि बरीच पाने लांब असते. कॅन उघडण्याआधी त्या शीटमधील कामाची माहिती मराठीत एका पानावर उतरवून घ्यावी. ती कशी उतरवावी, हे या एकाच औषधाच्या उदाहरणाने येथे सांगितले आहे.

आपल्या हातातील शीट आपल्याच कॅनची आहे ना, हे आधी तपासावे. बाजारात मिळणारे द्रव्य हे साधारण पन्नास टक्के तीव्रतेचे पाण्यातील द्रावण असते. पण इंटरनेटवर शोधल्यास शुद्ध घन सायनामाइडची किंवा कॅल्शियम सायनामाइड या खताची शीट सहज हाती लागते, आणि त्या दोन्हींतील साठवणुकीच्या सूचना आपल्या द्रावणाला जशाच्या तशा लागू होत नाहीत. शीटच्या तिसऱ्या भागात कॅस क्रमांक दिलेला असतो. हायड्रोजन सायनामाइडचा क्रमांक 420-04-2 आहे, तर कॅल्शियम सायनामाइडचा 156-62-7 आहे. क्रमांक जुळला, तीव्रता जुळली आणि उत्पादक कंपनीचे नाव कॅनवरच्या नावाशी जुळले, तरच पुढे जावे. विक्रेत्याकडे त्या कंपनीची शीट मागणे हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग आहे. शीटची सुधारणा-तारीख कार्डाच्या तळाशी लिहून ठेवावी.

एसडीएसचे सोळा भाग ठरलेल्या क्रमाने येतात. कार्डासाठी मुख्यतः दुसरा भाग (धोके), चौथा (प्रथमोपचार), सहावा (सांडल्यास काय करावे), सातवा (हाताळणी व साठवण), आठवा (संरक्षक साधने) आणि दहावा (कशाशी संयोग होऊ देऊ नये) एवढे पुरतात. मात्र केवळ चौथ्या भागाची नक्कल करून कार्ड पुरे झाले असे समजणे या औषधाच्या बाबतीत धोक्याचे आहे, कारण त्याचा सर्वांत महत्त्वाचा इशारा, म्हणजे मद्याशी असलेले वैर, काही शीटमध्ये चौथ्या भागात, काहींत डॉक्टरांसाठीच्या टिपेत, तर काहींत थेट अकराव्या भागात दडलेला असतो. म्हणून पीडीएफमध्ये alcohol हा शब्द शोधून तो येईल तेवढी प्रत्येक ओळ वाचावी. पाचव्या भागात आग विझवण्याच्या फेसाच्या नावातही हा शब्द येतो. त्या ओळीचा दारूशी संबंध नाही, ती सोडून द्यावी.

या वैरामागचे कारण समजले, तर कार्डावरची ओळ मजुरांना पटवून देता येते. दारू पोटात गेली की शरीर तिचे आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करते, आणि मग एक विकर त्याचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. सायनामाइड हे विकरच बंद पाडते, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचत जाते. चेहरा व मान लालबुंद होणे, छातीत धडधड, डोके ठणकणे, उलटी, धाप, चक्कर आणि रक्तदाब एकदम खाली येणे ही त्याची लक्षणे आहेत. स्पेन आणि जपानमध्ये दारू सोडवण्याचे औषध म्हणून सायनामाइडच वापरले गेले आहे. फरक इतकाच की तेथे मात्रा डॉक्टर ठरवतो, आणि बागेत ती हातमोज्याच्या छिद्रातून ठरते. दिवसभर पेस्टिंग करून आलेला माणूस संध्याकाळी थोडी घेतो, रात्री त्याला त्रास होतो आणि घरचे त्याला जास्त झाली असे समजून झोपवून ठेवतात. हा घोटाळा टाळण्यासाठी लक्षणे कार्डावर लिहिलीच पाहिजेत.

किती दिवस वर्ज्य, याचे आकडे सर्व शीटमध्ये एकसारखे नसतात. आपली शीट आणि कॅनसोबतचे माहितीपत्रक यांत फरक आढळल्यास जो कालावधी जास्त असेल तो लिहावा. माझा स्वतःचा आग्रह असा की, कामाच्या आदल्या दिवसापासून शेवटच्या दिवसानंतर किमान सात दिवस दारू पूर्ण बंद ठेवावी. एकाच टोळीला आज या बागेत, तर परवा शेजारच्या बागेत पेस्टिंग असते, त्यामुळे हे सात दिवस शेवटच्या बागेपासून मोजावे लागतात. खोकल्याची काही सिरपे आणि आसव-अरिष्टे यांतही मद्यार्क असतो, हे कार्डावर दारूच्या शेजारीच लिहावे, कारण ती घेताना आपण दारू घेत आहोत असे कोणालाच वाटत नाही.

दुसऱ्या भागातील धोक्याची वाक्ये H या अक्षराने सुरू होणाऱ्या संकेतांसह येतात. या द्रव्याच्या शीटमध्ये सामान्यतः H301 व H311 (गिळल्यास व त्वचेतून गेल्यास विषारी), H314 (त्वचा व डोळे भाजतात), H317 (त्वचेची ॲलर्जी), H351 (कर्करोगाचा संशय) आणि H361 (प्रजननक्षमतेवर किंवा गर्भावर परिणामाचा संशय) हे दिसतात. कार्डावर संकेत लिहू नयेत, त्यांचा अर्थ लिहावा. शेवटच्या संकेताचा बागेतला अर्थ सरळ आहे: गरोदर बाईला या कामावर ठेवू नये.

साठवणुकीच्या सूचना उतरवताना शीटवरील शब्दांना आपल्या खोलीतील वस्तूंची नावे द्यावी लागतात. दहाव्या भागात तीव्र आम्ले आणि अल्कली यांपासून दूर ठेवा, एवढेच म्हटलेले असते. आपल्या खोलीत अल्कली म्हणजे बोर्डो मिश्रणासाठी आणलेला चुना, आणि आम्ल म्हणजे ठिबकच्या नळ्या साफ करण्यासाठी ठेवलेले ॲसिड. यांच्यापैकी कशाशीही संयोग झाला, तर सायनामाइडचे विघटन सुरू होऊन उष्णता आणि वायू बाहेर पडतात. त्यामुळे सांडलेल्या औषधावर चुना भुरभुरण्याची जी सवय अनेकांना आहे, ती येथे नेमकी उलटी ठरते; कोरडी वाळू किंवा माती टाकून ते टिपावे. तांबे, पितळ, जस्त किंवा लोखंडाच्या भांड्यात हे द्रव्य ओतू नये. बादलीत उरलेले पुन्हा कॅनमध्ये ओतणे तर पूर्ण टाळावे, कारण बादलीतील मळ आत जाऊन सबंध कॅन बिघडू शकतो. शीटवर बहुतेक वेळा वीस अंशांच्या खाली साठवा असे असते. पत्र्याच्या शेडमध्ये ऑक्टोबरातही ते साधत नाही, आणि उन्हाळ्यात तर नाशिकचा पारा चाळिशीजवळ जातो. तेव्हा लागेल तेवढेच आणावे, सावलीत जमिनीलगत ठेवावे आणि उरलेले पुढच्या छाटणीसाठी राखू नये. कॅन फुगलेला किंवा गरम लागला, तर झाकण उघडू नये, माणसांना दूर करावे आणि विक्रेत्याला कळवावे.

प्रथमोपचार लिहिताना मराठीच्या वाक्यरचनेची एक अडचण येते. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘रुग्णास मीठ घातलेले पाणी पाजून उलटी करवू नये’ हे वाक्य घाबरलेला माणूस ‘मीठ घातलेले पाणी पाजून उलटी’ इथपर्यंतच वाचतो आणि धावतो. निफाड तालुक्यातील एका शेडमध्ये असेच कार्ड मी पाहिले आहे. भाषा शुद्ध होती, पण ती वाचणाऱ्या पोराने सराव म्हणून मला सांगितलेली कृती नेमकी उलटी होती. म्हणून कार्डावर नकार आधी लिहावा. हे द्रव्य जाळणारे असल्याने उलटी करवल्यास अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, यासाठी ही ओळ सर्वांत ठळक असावी.

वरील सर्व विचारांती तयार झालेला कार्डाचा मजकूर नमुन्यादाखल देत आहे. रिकाम्या जागा आपल्या शीटवरून भराव्यात.

हायड्रोजन सायनामाइड (ब्रँड: ____). विषारी. त्वचा व डोळे भाजतात. गरोदर स्त्रियांना हे काम नाही.
दारू नाही: कामाच्या आदल्या दिवसापासून शेवटच्या दिवसानंतर ____ दिवस. मद्यार्काचे सिरप, आसव, अरिष्ट नाही.
डोळ्यात गेले: पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा. लगेच दवाखान्यात न्या.
अंगावर सांडले: कपडे काढा. भरपूर पाणी व साबणाने १५ ते २० मिनिटे धुवा.
पोटात गेले: उलटी नको. मीठ-पाणी नको. बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीच नको. तोंड खळखळून धुवायला सांगा, दवाखान्यात न्या.
चेहरा लाल, धडधड, धाप, चक्कर: दारू जास्त झाली असे समजू नका. मोकळ्या हवेत आडवे झोपवा, १०८ ला फोन करा.
डॉक्टरांना सांगा: हे सायनाइड नाही, सायनामाइड आहे. नेमका उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार. दारू घेतली असल्यास केव्हा घेतली ते सांगा. विषबाधा माहिती केंद्र, एम्स दिल्ली: १८०० ११६ ११७.
घाला: नायट्राइल हातमोजे, बंद चष्मा, प्लास्टिकचा एप्रन, गमबूट.
दूर ठेवा: चुना, बोर्डो मिश्रण, ठिबकचे ॲसिड. उरलेले कॅनमध्ये परत ओतू नका.
शीटची तारीख: ____

नावाच्या साधर्म्यामुळे दवाखान्यात सायनाइडच्या उताऱ्याचा विचार होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांसाठीची ओळ गाळू नये. हातमोज्यांच्या बाबतीत शीटवर ‘योग्य हातमोजे’ असे मोघम शब्द असल्यास आठव्या भागातील साहित्याचे नाव पाहावे आणि प्रत्यक्ष खोलीत असलेली जोडी तीच आहे याची खात्री करावी. कातडी हातमोजे व चपला द्रव शोषून धरतात, त्यामुळे त्या चालत नाहीत. कार्डावर मात्रेचा, म्हणजे लिटरला किती मिली याचा, उल्लेख जाणीवपूर्वक टाळला आहे. मात्रा हवामान, काडीची जाडी आणि माहितीपत्रक यांनुसार बदलते, आणि ती या पानावर आली की पान रोज मात्रेसाठीच पाहिले जाते.

छापून झाल्यावर पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीतील वाचता येणाऱ्या एका माणसाला कार्ड मोठ्याने वाचायला सांगावे आणि ‘डोळ्यात उडाले, आता काय कराल’ असे विचारावे. ज्या ओळीवर तो अडखळेल, ती ओळ बदलावी. कार्ड खोलीच्या आत नव्हे, तर दाराच्या बाहेरच्या बाजूला, प्लास्टिकच्या पिशवीत लावावे, कारण आत औषध सांडलेले असताना ते वाचायला कोणी आत जाता कामा नये. दुसरी प्रत घरात, गाडीच्या किल्लीजवळ ठेवावी, म्हणजे दवाखान्यात जाताना ती हातात असेल; रिकामा कॅन नेणे शक्य नसल्यास त्यावरील लेबलचा फोटो सोबत न्यावा.