सोन्याचं बिल कसं वाचावं: कॅरेट, हॉलमार्क आणि घडणावळ

हिऱ्याच्या वाट्यांचं मंगळसूत्र घेताय असं धरू. बिलात कॅरेट दोनदा दिसेल. सोन्यापुढचं १८ कॅरेट म्हणजे शुद्धता, २४ भागांत १८ भाग सोनं, म्हणजे ७५ टक्के. हिऱ्यापुढचं ०.५० कॅरेट हे वजन आहे. हिऱ्याचा एक कॅरेट ०.२ ग्रॅमचा, म्हणून अर्धा कॅरेट ०.१०० ग्रॅम. उच्चार एकच असला तरी दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

आधी वजन बघा. एकूण वजन ९.६०० ग्रॅम असेल, तर त्यातून काळे मणी १.५०० आणि हिरे ०.१०० वजा झालेच पाहिजेत. उरलं निव्वळ सोनं ८.००० ग्रॅम. मण्यांची किंमत लावायची तर वेगळी लावावी, सोन्याच्या भावाने नाही.

मग भाव. हिशेब सोपा व्हावा म्हणून २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. १८ कॅरेटचा झाला ७,५००, आणि ८ ग्रॅमचे ६०,०००. एकूण वजनावर आकारणी झाली असती तर ७२,००० झाले असते. मण्यांवर घासाघीस करण्यापेक्षा ही ओळ तपासा, पैसे इथे वाचतात.

घडणावळ १२ टक्के म्हणजे ७,२००. टक्क्यांत असली की भाव वाढला तशी तीही वाढते, काम तेवढंच असलं तरी. म्हणून ग्रॅममागे किती पडते ते विचारा: इथे ९०० रुपये. घडवताना वाया जाणाऱ्या सोन्याची घट वेगळी लावली असेल, तर ती घडणावळीत मिळवूनच दोन दुकानांची तुलना करा. दागिना मोडीत घालताना घडणावळ परत मिळत नाही, त्यामुळे घासाघीस करायची ती इथेच.

हिरे ३०,००० चे धरले तर बेरीज ९७,२००. त्यावर ३ टक्के जीएसटी २,९१६. हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये, अधिक त्यावरचा १८ टक्के कर, म्हणजे ५३.१०. एकूण १,००,१६९.१०. हॉलमार्कपोटी शेकडो रुपये लावले असतील तर विचारा.

शेवटी भिंग मागून दागिना बघा. भारतीय मानक ब्युरोचा म्हणजे बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, 18K750 आणि एचयूआयडी हा दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असे तीन ठसे हवेत. २२ कॅरेटवर 22K916 असतं. एचयूआयडी बीआयएस केअर ॲपमध्ये Verify HUID खाली टाका. येणारी शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार हातातल्या वस्तूशी जुळायला हवा. अंगठीचा नंबर मंगळसूत्रावर निघाला तर घेऊ नका. दोन ग्रॅमांखालचे दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे बिलावर शुद्धता लिहून घ्या.

बिल जपून ठेवा. शंका आली तर बीआयएसमान्य केंद्रात शुल्क भरून तपासणी करता येते. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली, तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो.