दिवसअखेर रोकड कमी भरल्यास चौकशी होईपर्यंत तिची नोंद कशी करावी

नागपुरात इतवारीतील एखाद्या पतसंस्थेची शाखा डोळ्यांसमोर आणू. सकाळची आरंभीची शिल्लक १,५०,००० रुपये, दिवसभराचा भरणा ४,८६,३०० आणि वाटप ३,९२,८०० रुपये आहे. पुस्तकाप्रमाणे अखेरची रोकड २,४३,५०० रुपये असायला हवी, परंतु रोखपालाने मोजल्यावर २,३९,००० रुपयेच भरले. तूट ४,५०० रुपयांची आहे.

पहिले काम म्हणजे काउंटर बंद करून, तिजोरीत काहीही न ठेवता, शाखाधिकाऱ्यांसमोर दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून संपूर्ण रोकड पुन्हा मोजून घेणे. बांधलेली पाकिटेही उघडून मोजावीत, कारण शंभर नोटांच्या पाकिटात अठ्ठ्याण्णव निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. कोणत्या नोटा किती, याचा तक्ता लिहून त्यावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात.

मोजणी तीच आली, तर तुटीच्या आकड्याकडे बघावे. ४,५०० ला ९ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे अंकांची अदलाबदल झाल्याची शंका घेता येते. २,७०० ऐवजी ७,२०० लिहिले गेल्यास फरक नेमका एवढाच पडतो. वीस रुपयांच्या समजून दोनशेच्या पंचवीस नोटा दिल्या गेल्या, तरी हीच तूट येते, आणि या दोन्ही नोटांचा पिवळसर रंग पाहता ही चूक अशक्य नाही. तुटीची निम्मी रक्कम, म्हणजे २,२५० रुपयांचे एखादे वाटप चुकून भरणा म्हणून नोंदले गेले आहे का, हेही तपासावे. हे सारे केवळ शोधाची दिशा दाखवते, पुरावा होत नाही. म्हणून प्रत्येक स्लिप संगणकातील नोंदीशी ताडून पाहणे टळत नाही.

आपल्या उदाहरणात सर्व स्लिपा जुळल्या आणि तूट तशीच राहिली. अशा वेळी रोखपाल स्वतःच्या खिशातून पैसे घालून दिवस मिटवू पाहतो. माझ्या मते ही सर्वांत घातक सवय आहे, कारण तूट झाली याचा कागदच उरत नाही आणि पुढे कारण सापडले, तरी त्याचे पैसे कोणत्या आधारावर परत करायचे हा प्रश्न उभा राहतो. रोकड २,४३,५०० दाखवून ‘उद्या बघू’ म्हणणेही चूक आहे, कारण दुसऱ्या दिवसाची आरंभीची शिल्लकच खोटी ठरते.

त्याऐवजी त्याच तारखेला, शाखाधिकाऱ्यांच्या सहीच्या व्हाउचरने, ‘रोकड तूट येणे – चौकशी प्रलंबित’ हे खाते ४,५०० रुपयांनी नावे टाकावे आणि रोख शिल्लक खाते तेवढ्याच रकमेने जमा करावे. रोजकीर्दीतील रोकड २,३९,००० होते आणि तिजोरीशी जुळते. व्हाउचरवर रोखपालाचे नाव, काउंटर क्रमांक आणि तूट लक्षात आल्याची वेळ लिहावी, मोजणीचा तक्ता जोडावा आणि मुख्य कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवावे. ही रक्कम लगेच खर्चात टाकू नये; खर्ची पडलेल्या रकमेचा पाठपुरावा सहसा तिथेच थांबतो. तसेच मागे कधी जास्त भरलेली रोकड या तुटीतून वजा करू नये. ती वेगळ्या देणे खात्यातच राहावी, कारण तिचा मालक वेगळा असू शकतो.

दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यास सांगावे आणि स्लिपांच्या मागील बाजूचा नोटांचा तपशील तपासावा. आपल्या उदाहरणात कारण तिथेच सापडले. एका सभासदाने स्लिपवर आकड्यात ७,२०० लिहिले होते, संगणकातही ७,२०० होते, म्हणून आदल्या रात्री स्लिप जुळली. मागे मात्र पाचशेच्या ५ आणि शंभरच्या २ नोटा, म्हणजे २,७०० रुपयेच लिहिलेले होते. आकड्याला आकडा जुळवून ही चूक कधीच दिसली नसती.

तरीही सभासदाच्या खात्यातून परस्पर पैसे वळते करू नयेत, कारण त्याच्याकडील पावती ७,२०० रुपयांचीच आहे. त्याला बोलावून तपशील आणि चित्रण दाखवावे, लेखी संमती घ्यावी आणि मग त्याचे बचत खाते ४,५०० रुपयांनी नावे टाकून तूट खाते जमा करावे. यात रोकड हलत नाही. जादा पैसे गेलेल्या ग्राहकाने ते आणून दिले किंवा चौकशीअंती जबाबदारी ठरून रोखपालाने भरले, तर मात्र रोख नावे आणि तूट खाते जमा होते.

कारण सापडलेच नाही, तर चौकशी अहवालावर संचालक मंडळाचा ठराव घेऊन रक्कम तोटा खात्यात नावे टाकावी. तोपर्यंत, ३१ मार्चच्या ताळेबंदातही, ती ‘इतर येणे’ या एकत्रित आकड्यात मिसळू न देता तारीखवार यादीसह लेखापरीक्षकांसमोर ठेवावी.