‘आपलं नक्की काय चाललंय?’ हे विचारताना या चुका टाळा

माझी एक मैत्रीण पाच महिने एका मुलाला भेटत होती. आठवड्यातून दोनदा भेट, रोजच्या गप्पा, पण नात्याला नाव नाही. एका रात्री साडेअकराला तिने धीर करून मेसेज टाकला, ‘आपलं नक्की काय चाललंय?’ उत्तर आलं, ‘मस्त चाललंय की! का गं?’ त्या एवढ्याशा ओळीचे अर्थ लावत तिने रात्र जागून काढली.

तिचं चुकलं ते प्रश्नाच्या घडणीत. स्वतःला काय हवंय हे तिने सांगितलंच नव्हतं, सगळं ओझं समोरच्यावर टाकलं होतं. असं झालं की माणूस सावध होतो आणि गुळमुळीत बोलतो. शिवाय मेसेजवर आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही.

आधी आपलं म्हणणं एका वाक्यात कागदावर लिहा. ते जमत नसेल, तर अजून विचारूही नका. मग दिवसा, निवांत वेळी, समोरासमोर बोला. शेजारी शेजारी चालताना बोलणं अनेकांना सोपं जातं. मैत्रिणीने दुसऱ्यांदा विचारलं ते असं: ‘तू मला आवडतोस. मला फक्त तुझ्यासोबत राहायचंय आणि तूही दुसऱ्या कुणाला डेट करू नयेस असं वाटतं. तुझ्या मनात काय आहे?’ आणि ती थांबली. हे थांबणं फार अवघड असतं. शांतता सहन होत नाही, म्हणून ‘म्हणजे घाई नाहीये हं’ असं आपणच बोलून जातो आणि त्याला पळवाट देतो.

दुसरी मोठी चूक उत्तरानंतर होते. ‘मला अजून कळत नाहीये’ हे ऐकून आपण आशा धरून बसतो. चार दिवस शांतता आणि पाचव्या दिवशी एक मायेचा फोन, हे चक्र माणसाला फार घट्ट बांधतं. कधी मिळेल याचा नेम नसलेल्या गोष्टीची वाट पाहणं मन सहजी सोडत नाही. म्हणून तिथेच विचारा, ‘काय कळायचं राहिलंय? महिनाभराने पुन्हा बोलूया का?’ थांबायची मुदत मनाशी पक्की करा, पण धमकी म्हणून ती सुनावू नका. त्या महिन्यात वागणं बघा: पुढच्या आठवड्याचे बेत तो स्वतःहून ठरवतो का, मित्रांना तुमची ओळख करून देतो का? काहीच बदललं नाही, तर तेच उत्तर समजा.

एक मात्र वेगळं धरा. विचारलं तर तो चिडेल, हात उगारेल अशी भीती असेल, तर एकटीने भेटू नका. विश्वासातल्या माणसाला आधी सांगा. तिथे मेसेजवर बोलणं किंवा न बोलता दूर होणंही योग्यच.

मैत्रिणीला त्या दिवशी ‘नाही’ असं उत्तर मिळालं. ती खूप रडली. पण त्या रात्री फोन उशाशी न ठेवता झोपली.