आठ आणि चौदा मिळून बावीस का होत नाहीत? एकाच मेनवरच्या लोडांचा एकूण करंट कसा काढावा

उमरेड-भिवापूर पट्ट्यात मिरचीचा हंगाम लागला की आमच्या मामेभावाच्या शेडात उसंत नसते. एका बाजूला आटाचक्की, दुसऱ्या बाजूला तिखट कुटायचं कांडप, मागे ओलसर मिरची वाळवायचा हीटरचा ड्रायर, आणि भिंतीवर टांगलेला कंडेन्सर, म्हणजे कॅपॅसिटर. सगळं एकाच थ्री फेज मेनवर. मागच्या हंगामात त्यानं वायरीभोवती जबडा धरून करंट मोजणारा टाँग टेस्टर घेतला आणि एकेक वायर मोजली. चक्की 14 अँपिअर, कांडप साडेसात, ड्रायर आठच्या वर, कंडेन्सरही आठच्या वर. बेरीज अडतीस. मग मेनची वायर मोजली तर सत्तावीस. "काहून भाऊ, अकरा अँपिअर गेले कुठं? टेस्टर बिघडला काय?" असा त्याचा फोन आला.

टेस्टर बरोबर होता, बेरीज चुकली होती. करंट अशा सरळ बेरजेनं जुळत नाहीत. ती बेरीज कशी करायची ते त्याच्याच शेडावर करून दाखवतो.

आधी बेरीज का चुकते ते पाहू. मोटर वीज दोन कामांसाठी घेते. एक, पट्टा फिरवायला. ही वीज किलोवॅटमध्ये मोजतात आणि ती परत येत नाही, तिचं पीठ होतं नाहीतर उष्णता होते. दुसरं, आतलं चुंबकीय क्षेत्र उभं करायला. त्यासाठीची ऊर्जा मोटर घेते आणि क्षणात परत करते, पुन्हा घेते, पुन्हा परत करते. आपल्या 50 हर्ट्झच्या लाइनवर ही देवघेव सेकंदाला शंभर वेळा होते. हे निव्वळ हातउसनं आहे, खर्च शून्य, पण उसनं आणायला-न्यायला वायर लागतेच आणि करंट वाहतोच. या देवघेवीचं माप केव्हीएआर. हीटरला असं उसनं लागत नाही. आणि कंडेन्सर मोटरच्या उलट वागतो: मोटर ज्या क्षणी मागते त्याच क्षणी हा परत करत असतो. म्हणजे शेजारीच उसनं मिळालं, मग सावकाराकडे, म्हणजे रोहित्रापर्यंत, जायची गरज उरत नाही. गेलेले अकरा अँपिअर मुख्यतः इथे आहेत. ते मोटर आणि कंडेन्सर यांच्यातच फिरत होते, मेनपर्यंत आलेच नाहीत.

म्हणून नियम असा: करंटची बेरीज करायची नाही. किलोवॅटची किलोवॅटशी करा, केव्हीएआरची केव्हीएआरशी करा, आणि करंट अगदी शेवटी एकदाच काढा.

पहिली पायरी, प्रत्येक यंत्राचे किलोवॅट. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. मोटरच्या पाटीवरचे एचपी हे शाफ्टवर मिळणारे असतात, लाइनमधून घेतलेले नव्हेत. चक्कीची मोटर 10 एचपीची. 10 ला 0.746 ने गुणलं की 7.46 किलोवॅट, हे बाहेर पडणारे. पाटीवर एफिशियन्सी 87 टक्के होती, म्हणून 7.46 भागिले 0.87, साधारण 8.6 किलोवॅट लाइनमधून येतात. कांडपाची मोटर 5 एचपी, एफिशियन्सी 85 टक्के, म्हणजे 4.4 किलोवॅट. ड्रायरमध्ये प्रत्येक फेजवर 2 किलोवॅटचं एलिमेंट, एकूण 6. (पंखा लहान आहे, तो मी सोडून दिला.) कंडेन्सरचे किलोवॅट शून्य धरा.

दुसरी पायरी, केव्हीएआर. पाटीवर पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे वायरीवरच्या एकूण भारातला, केव्हीएतला, किलोवॅटचा वाटा. चक्कीचा 0.85. किलोवॅटला पॉवर फॅक्टरनं भागलं की केव्हीए मिळतात: 8.6 भागिले 0.85, म्हणजे 10.12. आता काटकोन त्रिकोण आठवा. केव्हीए हा कर्ण, किलोवॅट ही एक बाजू, केव्हीएआर दुसरी. 10.12 चा वर्ग वजा 8.6 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 5.33. हे चक्कीचे केव्हीएआर. कांडपाचा पॉवर फॅक्टर 0.80, म्हणून केव्हीए 5.5 आणि केव्हीएआर 3.3. ड्रायरचे शून्य. कंडेन्सरवर 6 केव्हीएआर लिहिलेलं आहे, पण हे उलट दिशेचं उसनं, म्हणून वजा 6. हे वजाचं चिन्ह विसरलात तर कंडेन्सर लावल्यानं करंट वाढतो असं उत्तर येईल.

कंडेन्सरची पाटी वाचताना तिच्यावरचे व्होल्टही वाचा. बाजारात 440 व्होल्टचे कंडेन्सर सर्रास मिळतात. केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, त्यामुळे 440 ला 6 असणारा कंडेन्सर 415 वर साधारण 5.3 च देतो. मामेभावाचा 415 चाच निघाला, म्हणून वजा 6 तसाच ठेवतो.

तिसरी पायरी सोपी, दोन वेगळ्या रांगांत बेरीज:

```
              kW      kVAr
चक्की         8.6     5.33
कांडप         4.4     3.30
ड्रायर        6.0     0
कंडेन्सर      0      -6.00
एकूण         19.0     2.63
```

चौथी पायरी, एकूण केव्हीए आणि त्यावरून करंट. P म्हणजे एकूण किलोवॅट, Q म्हणजे एकूण केव्हीएआर, S म्हणजे केव्हीए, आणि थ्री फेजमध्ये फेज ते फेज व्होल्टेज V हे 415 धरून:

```
S = √(P² + Q²) = √(19.0² + 2.63²) = 19.18 kVA
I = S × 1000 / (√3 × V)
  = 19180 / (1.732 × 415) = 26.7 A
```

टेस्टरनं दाखवलेले सत्तावीस हेच.

याच सूत्रात एकेक यंत्र टाकून पाहिलं तर चक्कीला 14.1, कांडपाला 7.7, ड्रायरला आणि कंडेन्सरला प्रत्येकी 8.35 येतात. यंत्रांवरचे आकडे म्हणजे खरेच होते, फक्त ते एकमेकांच्या अंगावर रचता येत नाहीत. कंडेन्सर काढून टाकला तर केव्हीएआर 8.63 होतात आणि मेनवर 29 अँपिअर. म्हणजे स्वतः आठ अँपिअर ओढणारी वस्तू जोडली आणि मेनचा करंट दोनाहून जास्त अँपिअरनं उतरला. मामेभावाला हे दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा मी कंडेन्सरचा स्विच काढ-घाल करून टेस्टरच दाखवला.

काहीजण पॉवर फॅक्टरची सरासरी काढतात. 0.85, 0.80 आणि 1 यांची सरासरी 0.88 येते, पण कंडेन्सरशिवायचा खरा एकूण पॉवर फॅक्टर 19 भागिले 20.87, म्हणजे 0.91. मोठ्या आणि लहान लोडला सारखं वजन दिलं की असं होतं. पॉवर फॅक्टर बेरजेनंतर काढायची गोष्ट आहे.

मोजताना टाँगच्या जबड्यात एकच वायर घ्या. तिन्ही फेज एकत्र पकडल्या तर एकमेकांना खोडून आकडा शून्याजवळ येतो आणि माणूस टेस्टर बदलायला दुकानात जातो. दुसरं, कंडेन्सर कुठे जोडलाय ते बघा. मेन स्विचनंतर असेल तर त्याचा फायदा मेनवर दिसतो, पण यंत्रांकडे जाणाऱ्या वायरींवर नाही. मोटरच्या टर्मिनलवरच असेल तर मोटरची वायरसुद्धा कमी करंट दाखवेल. आणि स्विच बंद केल्यावर कंडेन्सरला लगेच हात लावू नका. तो थोडा वेळ भरलेलाच असतो.

हा हिशेब कधी जुळणार नाही, तेही सांगतो. मोटर कमी लोडवर चालत असेल, जसं चक्कीत दाणे संपले आणि पट्टा नुसता फिरतोय, तर किलोवॅट खूप उतरतात पण चुंबकाचं उसनं जवळपास तेवढंच राहतं. पाटीवरचा पॉवर फॅक्टर पूर्ण लोडचा असतो, तो तिथे लावू नका. मोटर सुरू होतानाचा धक्का, जो चालू करंटच्या कितीतरी पट असतो, तोही यात नाही. आणि एका फेजवर फ्रीज, दुसऱ्यावर बल्ब असा असमान लोड असेल तर प्रत्येक फेजचे किलोवॅट, केव्हीएआर वेगळे मांडा आणि करंट काढताना वर्गमूळ तीन न लावता फेज ते न्यूट्रलचं व्होल्टेज घ्या.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं तर? समजा 415 चे 370 झाले. ड्रायर वर्गाच्या प्रमाणात घसरून 4.8 किलोवॅटवर येतो, कंडेन्सरही 4.8 केव्हीएआरच देतो. मोटरला मात्र पीठ तेवढंच दळायचंय, तिचे किलोवॅट साधारण तेच राहतात. मोटरचे केव्हीएआरही तेच धरले तर बेरीज 17.8 आणि 3.8 होते, आणि 370 नं भागल्यावर मेनवर 28 च्या थोडे वर. मोटरचं उसनं कमी व्होल्टेजवर थोडं बदलतं, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा. पण एकूण लोड कमी होऊनही करंट वाढला हे पाहून चक्रावून जायचं कारण नाही, ते मोटरमुळे आहे.

सगळ्यात गंमत रात्री. चक्की, कांडप बंद, फक्त ड्रायर चालू, आणि कंडेन्सर तसाच मेनवर लटकलेला. आता उसनं मागणारं कोणी नाही, तरी हा देतोच आहे. किलोवॅट 6, केव्हीएआर वजा 6, केव्हीए 8.49, मेनवर 11.8 अँपिअर, जिथे नुसत्या ड्रायरला 8.35 पुरे होते. मामेभावानं टेस्टर लावला तेव्हा बारा दिसले. मग त्यानं वायरमनला बोलावून कंडेन्सरला कॉन्टॅक्टर लावून घेतला, चक्की सुरू झाली की जोडला जाणारा आणि बंद झाली की सुटणारा. त्या रात्री नुसता ड्रायर चालू असताना मेनवर टेस्टर धरून त्यानं आकडा फोनवर वाचून दाखवला: "आठ पॉइंट चार, भाऊ."